३८ टक्के चार्ज असताना चढाला गाडी का दमते? (जांबोटी, पहाटेचा अनुभव)

दूधवाला_जांबोटी

नमस्कार मंडळी. जांबोटीजवळच्या गावातून रोज पहाटे खानापूरला दूध घालतो. इलेक्ट्रिक स्कूटर साडेचार वर्षांची. बॅटरी दोन युनिटची, लिथियमची, काढता येणारी. मागे दोन कॅन, म्हणजे मी, गाडी आणि दूध धरून अडीचशे किलो वजन होतं.

गावाबाहेर ओढ्यावरचा पूल संपला की एक किलोमीटरभर चढ आहे. दिवाळीपर्यंत तो चढ चाळीसच्या वेगानं चढायची. आता डिसेंबरपासून पहाटे तिथं अठ्ठावीसवर येते. पिळवटलं तरी पुढं जात नाही. त्यात गंमत अशी की चढाच्या सुरुवातीला पाच-सहा सेकंद बरी ओढते, मग हळूहळू दम सुटतो. त्या वेळी स्क्रीनवर ३८ टक्के. दुपारी परत तोच चढ, तेवढंच वजन, टक्के पण ३७-३८, आणि गाडी झकास चढते.

सर्व्हिसवाल्यांनी मशीन लावून बघितलं, "टक्के बरोबर आहेत, बॅटरी चांगली आहे" म्हणाले. मग पहाटे काय होतंय? काय कळंना झालंय बघा की ओ.

लेथवाला_उद्यमबाग

साधं आहे. साडेचार वर्षांत बॅटरीची क्षमता कमी झाली. तुमचे ३८ टक्के म्हणजे नव्या बॅटरीचे पंचवीस टक्के समजा. त्यात थंडीत बॅटरी अजून आकसते. चार्जच कमी आहे, मीटर खोटं सांगतंय. बॅटरी बदला.

दूधवाला_जांबोटी

क्षमता कमी झाली असेल, पण एवढी नाही वाटत. गेल्या महिन्यात पूर्ण भरून रिकामी होईपर्यंत चालवली. ॲपनं १.७ युनिट दाखवलं, नवी होती तेव्हा दोन. आणि चार्ज कमी असेल तर दुपारी त्याच टक्क्याला कशी चढते?

निपाणी_शेतकरी

माझा पण हाच त्रास आहे. ट्रॅक्टरची बॅटरी, मीटर लावला की १२.६ दाखवतो, म्हणजे फुल्ल. आणि पहाटे ऊस भरायला निघताना स्टार्टर नुसता घरघरतो. दुपारी एका चावीत चालू. दुकानदार म्हणतो ॲसिड बदलून देतो. बदलू काय?

पॅकवाला_शहापूर

मी बॅटरी पॅक जुळवण्याच्या कामात आहे, बारा वर्षं झाली. मूळ प्रश्नाकडे आधी येतो, ट्रॅक्टर नंतर.

लेथवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. क्षमता कमी झालीच आहे, दोनाची १.७ झाली म्हणजे पंधरा टक्के गेली. पण दूधवाल्यांचा चढ त्यामुळं अडत नाहीये. आत किती शिल्लक आहे हा एक प्रश्न, आणि या क्षणी, पुढच्या दहा सेकंदांत, किती जोरात काढता येईल हा वेगळा प्रश्न. पहिल्याला स्टेट ऑफ चार्ज म्हणतात, तुमच्या स्क्रीनवरचे टक्के ते. दुसऱ्याला स्टेट ऑफ पॉवर म्हणतात आणि तो चालवणाऱ्याला कुठंच दिसत नाही. बॅटरीच्या आतलं सर्किट तो सतत मोजतं आणि मोटरच्या कंट्रोलरला गुपचूप सांगतं, "आता एवढेच अँपिअर घे."

आपल्याकडच्या माणसाला काकवीवरून पटकन कळेल. डबा अर्धा भरलेला आहे, दुपारी तोटी उघडली की धार लागते, जानेवारीच्या पहाटे तोच डबा, तीच तोटी, आणि काकवी तारेसारखी येते. डब्यातली काकवी कमी झालेली नाही. बॅटरीत थंडीनं आतला द्रव घट्ट होतो हे एक, आणि त्याहून मोठं म्हणजे लिथियमला इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागातून आत-बाहेर करायला जास्त जोर लागतो. दोन्ही मिळून आतला रोध वाढतो.

रोध वाढला की काय होतं? करंट ओढला की व्होल्टेज पडतं. जितका रोध, जितका करंट, तितकं पडतं. आणि व्होल्टेज एका मर्यादेच्या खाली जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर सेल खराब होतात. म्हणून सर्किट करंटच अडवतं. गाडी दमते ती यामुळं.

आता अंदाज नको, मोजू. तुमच्या ॲपमध्ये व्होल्टेज, करंट आणि बॅटरीचं तापमान दिसतं का? दिसत असेल तर पुलावर दोन मिनिटं थांबून व्होल्टेज लिहा. मग चढाला पूर्ण पिळून दहा सेकंदांनी व्होल्टेज आणि करंट लिहा. मागं कुणाला तरी बसवा, स्वतः मोबाईल बघू नका. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा.

टिळकवाडी_काकू

माझ्या स्कूटरला (तीच, पण दीड वर्षाची) पहाटे काहीच होत नाही. योगाच्या वर्गाला साडेपाचला निघते. थंडी आमच्याकडं पण आहे की. मग थंडीचं कारण कसं?

पॅकवाला_शहापूर

काकू, फार चांगला प्रश्न. तुम्हीही दुपारचं एक माप घ्याल का? त्याच पद्धतीनं. तुमच्या आकड्यानं उत्तर मिळेल.

दूधवाला_जांबोटी

घेतलं. भाच्याला मागं बसवला होता, त्याच्या वजनाएवढं दूध दुसऱ्या फेरीला ठेवलं.

पहाटे, बॅटरी १३ अंश, ३८ टक्के: थांबल्यावर ५०.६ व्होल्ट. चढाला दहा सेकंदांनी ४३.४ व्होल्ट, ५२ अँपिअर. वेग २८.

दुपारी, बॅटरी ३१ अंश, ३७ टक्के: थांबल्यावर ५०.५ व्होल्ट. चढाला ४४.८ व्होल्ट, ७४ अँपिअर. वेग ३८.

पहाटे चढ संपल्यावर दोन मिनिटं थांबून परत बघितलं तर व्होल्टेज ५०.२ ला आलेलं होतं.

टिळकवाडी_काकू

माझं: दुपारी, बॅटरी ३० अंश, ४० टक्के. थांबल्यावर ५०.९. किल्ल्याकडून येताना पूर्ण पिळून ४७.४ व्होल्ट, ७० अँपिअर.

पॅकवाला_शहापूर

दोघांचेही आभार, स्वच्छ आकडे आहेत.

आधी ते शेवटचं वाक्य बघा. थांबल्यावर दोन मिनिटांत व्होल्टेज ५०.२ ला परत आलं. चार्ज संपलेला असता तर ते परत आलं नसतं. जे पडलं होतं ते रोधामुळं पडलं होतं. लेथवाले, या एका मापानं तुमची शंका मिटावी.

आता रोध. पडलेलं व्होल्टेज भागिले करंट, एवढंच गणित.

दूधवाले, पहाटे: ७.२ ÷ ५२ = १३८ मिलिओहम.
दूधवाले, दुपारी: ५.७ ÷ ७४ = ७७ मिलिओहम.
काकू, दुपारी: ३.५ ÷ ७० = ५० मिलिओहम.

म्हणजे तीच बॅटरी पहाटे दुपारच्या १.८ पट रोधाची झाली. हे थंडीचं. आणि दुपारीच, जवळपास सारख्या तापमानाला, जुनी बॅटरी नवीच्या दीडपट. हे वयाचं. क्षमता पंधरा टक्केच घटली, पण रोध पन्नास टक्के वाढला, हे लक्षात घ्या. दोन्ही एकाच वेगानं म्हातारे होत नाहीत. सर्व्हिसवाल्यांचं मशीन बहुतेक क्षमता आणि टक्केच बघतं.

आता काकूंचा प्रश्न. या पॅकमध्ये चौदा सेलगट ओळीनं आहेत, एका गटाला ३ व्होल्ट धरले तर पॅक ४२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे ५०.५ च्या आसपासून ४२ पर्यंत साडेआठ व्होल्टची जागा आहे. ती रोधानं भागली की जास्तीत जास्त करंट मिळतो. कंट्रोलर स्वतः ८० च्या वर घेतच नाही, असं धरू.

जुनी बॅटरी दुपारी ११० अँपिअर देऊ शकते. ८० च्या वर आहे, म्हणून चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. काकूंची बॅटरी पहाटे १.८ पट झाली तरी ९० मिलिओहम, म्हणजे ९४ अँपिअर. ८० च्या वर, जाणवत नाही. जुनी आणि थंड दोन्ही एकत्र आलं की ६२. आता ८० च्या खाली आलो, आणि दम सुटला.

वय आणि थंडी यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून चार हिवाळे काही कळत नाही आणि पाचव्या हिवाळ्यात अचानक "बॅटरी गेली" असं वाटतं. ती अचानक गेलेली नसते, तिच्याकडची शिलकी ताकद दर वर्षी थोडी खाल्ली जात असते आणि कंट्रोलरच्या मर्यादेमागं ते झाकलेलं असतं.

लेथवाला_उद्यमबाग

बरं, परत येणारं व्होल्टेज मान्य. माझी चूक. पण तुमच्या गणितानं पहाटे ६२ मिळायला हवे, त्याला मिळाले ५२. दहा अँपिअर कुठं गेले? आणि व्होल्टेज ४३.४ ला थांबलं, ४२ पर्यंत गेलंच नाही. मर्यादा आली नव्हती तर करंट कुणी अडवला?

पॅकवाला_शहापूर

तुम्ही माझ्या आधी पकडलंत. मलाही तेच खटकलं. माझं गणित सगळे चौदा गट सारखे धरून होतं. सर्किट मात्र एकेक गट बघतं आणि जो सर्वात आधी खाली येतो त्याच्यावर निर्णय घेतं. दूधवाले, ॲपमध्ये सेलची यादी असेल. उद्या पहाटे चढाला त्याचा स्क्रीनशॉट काढायला लावा, दुपारी पण.

निपाणी_शेतकरी

माझ्या ट्रॅक्टरचं राहिलं ओ.

पॅकवाला_शहापूर

विसरलो नाही. तुमची शिशाची बॅटरी, रसायन वेगळं, पण दुखणं त्याच जातीचं. १२.६ हे न ओढता मोजलेलं आहे, ते चार्ज सांगतं, ताकद सांगत नाही. बॅटरीवर सीसीए असा आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशाला तीस सेकंद तेवढे अँपिअर देऊन व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये, अशी ती चाचणी. म्हणजे ताकद मोजायची तर थंडीत, ओढून, वेळ लावून मोजावी लागते, हे गाडीवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे.

ॲसिड बदलू नका. पहाटे कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि त्या वेळी मीटरची एक टोकणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवा. तिथं अर्धा व्होल्ट दिसला तर बॅटरीचा दोष नाही, पांढरा थर घासून काढा. दोन्ही क्लॅम्पवर काही दिसलं नाही आणि खुंटी ते खुंटी मात्र नऊच्या खाली गेलं, तर बॅटरी म्हातारी आहे.

दूधवाला_जांबोटी

स्क्रीनशॉट निघाले. पहाटे चढाला ५२ अँपिअरवर तेरा गट ३.०९ ते ३.१४ मध्ये, आणि नऊ नंबरचा एकटा २.९२. थांबल्यावर मात्र नवव्याचं व्होल्टेज बाकीच्यांएवढंच, ३.६१.

दुपारी ७४ अँपिअरवर बाकीचे ३.२१ च्या आसपास, नववा ३.०६.

पॅकवाला_शहापूर

मिळाले ते दहा अँपिअर. पहाटे नवव्या गटाचा रोध १३.३ मिलिओहम येतो, बाकीच्यांचा साधारण ९.६. एका गटाची तळमर्यादा २.९ ला बांधलेली दिसते. त्या गटापुरतं गणित केलं तर (३.६१ वजा २.९०) भागिले १३.३, म्हणजे ५३ अँपिअर. तुम्हाला ५२ मिळाले. पूर्ण पॅकची ताकद नवव्यानं ठरवली. बैलजोडीतला जो दमला त्याच्याच चालीनं गाडी जाते, तसं.

थांबल्यावर तो ३.६१ दाखवतो, म्हणजे त्याच्यात चार्ज इतरांएवढाच आहे. म्हणून टक्के बघणाऱ्या मशीनला तो चांगला वाटला. तो फक्त ओढताना उघडा पडतो.

पाच-सहा सेकंद बरी ओढते म्हणालात, त्याचंही कारण यातच. व्होल्टेज एकदम पूर्ण पडत नाही. पिळल्याबरोबर पडतं ते तारा, जोड आणि द्रवाच्या रोधामुळं. त्यानंतर काही सेकंदांत पृष्ठभागावरची अडचण येते, आणि मिनिटभर ओढत राहिलं की सेलच्या आत लिथियम जागेवर वेळेत पोचत नाही म्हणून अजून खाली जातं. म्हणून ताकद सांगताना "किती सेकंदांसाठी" हे सांगावंच लागतं. गाडी ओव्हरटेक करण्यापुरती ताकद आणि किलोमीटरभर चढाची ताकद हे दोन वेगळे आकडे आहेत.

लेथवाला_उद्यमबाग

नववा गट खराब की नवव्याचा जोड खराब? आमच्याकडं स्पॉट वेल्डिंग सुटलं की असंच होतं. जोड असेल तर दोनशे रुपयांत काम होईल, सगळा पॅक कशाला बदलायचा.

पॅकवाला_शहापूर

शंका योग्य आहे, आणि तपासण्याची वाट दूधवाल्यांच्या आकड्यांतच आहे. सुटलेल्या जोडाचा रोध थंडी-उन्हानं फारसा बदलत नाही. धातू आहे तो. सेलचा बदलतो.

नववा बाकीच्यांपेक्षा पहाटे ३.७ मिलिओहमनं जास्त आहे, दुपारी साधारण २ नं. जोडामुळं असतं तर ही जास्तीची रक्कम दोन्ही वेळा जवळपास तेवढीच राहिली असती. ती पण १.८ पट झाली. म्हणून मी म्हणतो सेलच थकलेत. मात्र ॲप शंभराव्या भागापर्यंतच दाखवतं, त्यामुळं थोडी शंका ठेवतो. एकच खूण: पहाटे चढ संपल्याबरोबर पॅकच्या बाजूला एका ठिकाणी हाताला चटका लागण्याएवढं गरम असेल तर माझं चूक आणि तुमचं बरोबर.

दूधवाला_जांबोटी

कुठं गरम नाही लागत. पण नववाच का थकला? आणि आता करू काय? सर्व्हिसवाल्यांना स्क्रीनशॉट दाखवले. म्हणाले वॉरंटी क्षमतेची आहे, ती सत्तरच्या वर आहे, बसत नाही.

पॅकवाला_शहापूर

नववाच का, हे पॅक उघडल्याशिवाय मी सांगणार नाही. मधल्या जागेचे गट जास्त तापतात, तो मध्ये असेल तर ते एक कारण. गाडी दिवसभर कुठं असते?

दूधवाला_जांबोटी

गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी आल्या आल्या चार्जिंगला लावतो, फुल्ल झाली की संध्याकाळपर्यंत तशीच. उन्हाळ्यात पण. संध्याकाळच्या फेरीला साठ टक्के जातात, म्हणून पहाटे ३८.

पॅकवाला_शहापूर

वय इथं वाढलंय. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली, शंभर टक्के भरून, तासन्‌तास. सेलच्या आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत भराभर जाड होतो. त्यातून रोध वाढतो. उन्हाळ्यात खाल्लेलं हिवाळ्यात दिसतं.

आता एवढंच करून बघा. चार्जिंगची वेळ बदला. संध्याकाळची फेरी झाली की बॅटरी काढून घरात चुलीच्या खोलीत आणा, चुलीपासून लांब, आणि पहाटे उठल्याबरोबर निघायच्या आधी तासभर चार्ज करा, सत्तर टक्क्यांपर्यंत. यात दोन फायदे आहेत. सत्तर टक्क्यांना सेल ३.९ व्होल्टला असतो, म्हणजे २.९ पर्यंत पडायला ०.७ ऐवजी पूर्ण एक व्होल्टची जागा मिळते. नवव्याला १३ अंशाला पण ७५ अँपिअर झेपतील. आणि घरात ठेवलेली बॅटरी चार-पाच अंशांनी उबदार, तेवढा रोध कमी. हे खरं म्हणजे टक्के आणि ताकद यांचं नातं आहे: टक्के वाढले की ताकद वाढते, पण किती वाढते हे थंडी आणि वय ठरवतं.

आधी सपाटीला हळू चालवून गरम करू, असं काहीजण सांगतील. पंचवीस अँपिअरवर दहा मिनिटांत तीन-चार अंश मिळतील, तुमचा चढ तर गावाबाहेरच आहे. उपयोग नाही.

टिळकवाडी_काकू

माझी पण शेडमध्येच असते, आणि मी रोज शंभर करते, रोजचं जाणंयेणं आठ किलोमीटर. आजपासून ऐंशीला थांबवते.

लेथवाला_उद्यमबाग

मी अजूनही म्हणतो नववा गट बदलून टाका. चौदातला एकच बदलायचा, पूर्ण पॅकचे पैसे वाचतील.

पॅकवाला_शहापूर

मी करून पस्तावलोय. नवीन सेल जुन्यात घातले की क्षमता जुळत नाही, काही महिन्यांत तो गट बाकीच्यांच्या पुढं-मागं व्हायला लागतो. त्याच वयाचे, त्याच मापाचे जुने चांगले सेल मिळाले तर विचार करावा. पण याच शहरातले दुसरे पॅकवाले माझ्याशी सहमत नाहीत, ते बदलतात आणि चालतं म्हणतात. उघडताना शॉर्ट झालं तर आग लागते, म्हणून घरी कुणीही उघडू नका.

निपाणी_शेतकरी

क्लॅम्पवर पाऊण व्होल्ट आला. घासला, ग्रीस लावलं, आज पहाटे एका चावीत चालू.

दूधवाला_जांबोटी

चार दिवस पहाटे तसं केलं. आज निघताना ७१ टक्के, बॅटरी १७ अंश. चढाला ७२ अँपिअर, वेग ३७-३८, नववा ३.०७ च्या खाली गेला नाही. दूध वेळेत पोचलं.

सर्व्हिसवाल्यांना लेखी दिलंय, क्षमता नाही, चढाला एका गटाचं व्होल्टेज बघा म्हणून. सोबत सगळे स्क्रीनशॉट जोडलेत. अजून उत्तर नाही. कुणाला वॉरंटीत रोधावरून बॅटरी बदलून मिळाली असेल तर सांगा की ओ, अर्ज कसा लिहिला ते पण.